रात्री दहाची भूक : आधी झोप सुधारावी की ताण?

इंदूरमध्ये रात्रीच्या खाण्याला दोष देणे सोपे आहे, कारण सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर खाऊगल्ली सुरू होते आणि मध्यरात्रीनंतरही गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलेबी गरमागरम मिळतात. मात्र महिन्यातून एकदा घरच्यांबरोबर ठरवून सराफ्यात जाणे ही येथे विचारात घेण्यासारखी अडचण नाही. अडचण आहे ती पोटभर जेवण होऊनही तासाभरात शेवेच्या डब्याकडे जाणाऱ्या हाताची. या भुकेची दोन मोठी कारणे म्हणजे अपुरी झोप आणि दिवसभराचा ताण. ज्यांना नोकरी आणि घर सांभाळून एकाच गोष्टीत बदल करणे शक्य आहे, त्यांनी आधी कशाला हात घालावा, हे ठरवण्यासाठी दोन्ही कारणे शेजारी ठेवून पाहू.

झोपेच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग शिकागो विद्यापीठातील असून तो 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात 12 निरोगी तरुणांना एकदा दोन रात्री चार तास आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास अंथरुणात राहू दिले. कमी झोपेनंतर पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आणि भूक वाढवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त आढळले. शिवाय ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. पुढील अभ्यासांत या संप्रेरकांचे चित्र सगळीकडे सारखे आलेले नाही, म्हणून केवळ त्यांच्यावर सारा युक्तिवाद उभा करणे मला योग्य वाटत नाही. प्रत्यक्ष खाण्याविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. 2022 साली त्याच विद्यापीठाने वजन जास्त असलेल्या आणि साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या 80 प्रौढांचा अभ्यास केला. ज्यांना झोपेच्या सवयींबद्दल मार्गदर्शन मिळाले, त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि आहाराबद्दल एक शब्दही न सांगता त्यांचे खाणे मार्गदर्शन न मिळालेल्यांच्या तुलनेत दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी उतरले. आपल्या भाषेत सांगायचे तर रोजची सुमारे 50 ग्रॅम शेव आपोआप सुटली.

ताणाची चाल वेगळी आहे. ताण येतो त्या क्षणी भूक बहुधा मरते, म्हणूनच कामाच्या गर्दीत दुपारचा डबा तसाच परत येतो. पुढे कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते, धोका टळल्यासारखा वाटतो आणि मग ऊर्जेने भरलेले, तेल-साखरेचे काहीतरी हवेसे होते. हे सर्वांच्या बाबतीत सारखे नसते. ताणाखाली ज्यांचे कॉर्टिसोल जास्त उसळते, ते त्यानंतर जास्त खातात, असे प्रयोगशाळेतही दिसले आहे. काही जण तर ताणात खाणेच सोडतात.

दोन्ही भुका दिसायला सारख्या असल्या, तरी दिवसभरातील त्यांचे वागणे निराळे असते. अपुऱ्या झोपेची भूक दिवसभर पसरलेली असते : सकाळी पोह्यांची दुसरी प्लेट, अकराला बिस्किटे, चारला काहीतरी गोड आणि रात्री पुन्हा फरसाण. ताणाची भूक एखाद्या प्रसंगामागून, ठरावीक वेळी आणि बऱ्याचदा ठरावीक पदार्थासाठीच येते. शंका असल्यास दोन आठवडे कॅलेंडरवर फक्त तीन नोंदी कराव्यात : किती तास झोप झाली, दिवस कसा गेला आणि जेवणाव्यतिरिक्त काय खाल्ले. अपुऱ्या झोपेनंतरच्या निवांत रविवारीही तोंड चालू राहत असेल, तर झोप हे कारण मानावे. चांगल्या झोपेनंतरच्या धकाधकीच्या दिवशीच ते चालत असेल, तर ताण.

एक उदाहरण घेऊ. समजा, राजेंद्रनगरात राहणाऱ्या आणि विजयनगरात हिशेबाच्या कार्यालयात काम करणाऱ्या एक ताई आहेत. मुलांच्या डब्यांसाठी त्या सहाला उठतात, घरी पोहोचेपर्यंत साडेसात होतात, जेवण साडेनऊला होते आणि मोबाइल बाजूला ठेवून झोप लागेपर्यंत साडेबारा वाजतात. झोप साडेपाच तास. जीएसटीच्या विवरणपत्राची 20 तारीख जवळ आली, की ताणही वाढतो. पण नोंदी पाहिल्यावर महिन्याच्या शांत आठवड्यातही रात्रीचे खाणे जवळपास तेवढेच दिसते, 20 तारखेच्या आधी ते फक्त थोडे वाढते. माझ्या मते येथे आधी झोप सुधारावी.

त्यांनी एकदम अकराला दिवा मालवला, तर त्या तासभर कूस बदलत राहतील आणि चौथ्या दिवशी नाद सोडतील. म्हणून झोपेची वेळ दर तीन-चार दिवसांनी 15 मिनिटे अलीकडे आणावी. साधारण तीन आठवड्यांत सव्वा तास मिळतो. त्यासाठी जेवण साडेआठला हवे, म्हणजे कणीक आणि भाजी चिरणे आदल्या रात्री किंवा घरातील दुसऱ्या कोणाकडे जायला हवे. ही वाटणी झाली नाही तर बाकी सारे उपाय कागदावर राहतात. साडेसातचा घरी पोहोचल्यानंतरचा चहा हा दुसरा अडथळा. कॅफीनचा निम्मा अंश शरीरात सुमारे पाच तास टिकतो, त्यामुळे साडेसातच्या चहाचा बराचसा भाग मध्यरात्रीही कामावर असतो; शेवटचा कप चारपर्यंत घ्यावा. रविवारी उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे ढकलू नये, नाहीतर रविवारी रात्री झोप लांबते आणि सोमवारी गाडी पुन्हा मूळ जागी येते.

ताणावरचा उपाय वेळेच्या हिशेबाने स्वस्त आहे. डबा ठरल्या वेळी खाणे, पाचच्या सुमारास मूठभर भाजलेले चणे किंवा दाणे आणि एक पेला ताक घेणे, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात शिरण्याआधी 15 मिनिटे चालणे किंवा पाच मिनिटे श्वास सोडण्याचा वेळ लांबवत संथ श्वसन करणे, एवढे पुरते. (चालण्याचा रस्ता छप्पन दुकानावरून जाणारा नसावा, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.) याचा परिणाम त्याच संध्याकाळी जाणवतो, झोपेला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. पण या उपायाने कामाचा बोजा हलत नाही आणि रात्र अपुरी असेल, तर दुसऱ्या सकाळची पसरट भूक तशीच राहते. म्हणून साडेसहा तासांपेक्षा कमी झोप होणाऱ्यांनी झोपेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. सात-साडेसात तास अंथरुणात असूनही उद्याच्या कामांनी डोळा लागत नसेल, तर मात्र क्रम उलटा करावा. झोपण्याच्या दोन तास आधी उद्याची कामे कागदावर उतरवून ती वही बंद करणे, हे अशांसाठी पहिले पाऊल.

सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल आणि घरचे जोरदार घोरण्याची किंवा श्वास अडकण्याची तक्रार करत असतील, तर निद्राश्वसनरोधाची, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबण्याच्या विकाराची, तपासणी करून घ्यावी, कारण तेथे यांपैकी कोणताही उपाय पुरा पडत नाही. भुकेसोबत खूप तहान, वारंवार लघवी किंवा कारणाविना वजन घटणे दिसत असेल, तर रक्तातील साखर आधी तपासावी. आणि स्टेरॉइडसारखे औषध सुरू झाल्यावर भूक वाढली असेल, तर ते स्वतःहून न थांबवता ज्यांनी लिहून दिले त्या डॉक्टरांशी बोलावे.