पंचवीस वर्षांच्या सेवेला काय द्यावं: चांदीचं नाणं, व्हाउचर की त्या माणसापुरतं काहीतरी?

जळगावात डाळमिलचं ऑफिस सांभाळतो, त्यामुळे दहा-वीस-पंचवीस वर्षं झालेल्यांचा सत्कार दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. तिन्ही प्रकार करून झालेत. ज्यांना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, बाकी प्रत्येकाची कंपनी वेगळी.

चांदीचं नाणं वाईट नाहीच. सोन्या-चांदीच्या गावात घरच्यांना त्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही, वहिनी ते कपाटात जपून ठेवतात. भानगड एवढीच की बजेट तेच राहतं आणि भाव चढतो, मग यंदाचं नाणं गेल्या वर्षीपेक्षा हलकं निघतं आणि लोक ते हातात घेऊन बरोब्बर ओळखतात. रोख द्यायचा विचार असेल तर ती पगारात धरून टॅक्सला जाते, हे आधी सांगून टाका, नंतर स्लिप बघून तोंड वाकडं होतं.

व्हाउचर ऑफिसच्या पोरांना आवडतं. मिलमधल्या माणसाचं व्हाउचर मात्र त्याचा मुलगा मोबाईलवर वापरतो आणि घरात हेडफोन येतात, ज्याने वर्षानुवर्षं नोकरी केली त्याच्या हाती काहीच लागत नाही. (मुदत संपून वाया गेलेलीही पाहिलीत.)

पण मला खरा वैताग आला तो मानपत्राचा. मजकूर एकच, "कंपनीच्या प्रगतीत मोलाचा वाटा, निष्ठा, अथक परिश्रम", फक्त नाव बदलायचं. एका वर्षी पाचजणांचा सत्कार होता, तिसऱ्याच्या वेळेला मागच्या रांगेतली पोरं निवेदकाच्या आधीच वाक्य पूर्ण करायला लागली आणि स्टेजवरचा माणूस खाली बघत उभा. त्या दिवसापासून माझं मत तिसऱ्या प्रकाराकडे झुकलं ते झुकलंच.

तिसरा प्रकार म्हणजे मानपत्रात त्या माणसाचं काम लिहायचं आणि भेटही त्याच्याकडे बघून ठरवायची. आमचे एक आप्पा आहेत, तुरीच्या लाईनवर. तुरीला तेल लावून उन्हात टाकली की ती रोलरला कधी घालायची हे ते दाणा दाताखाली धरून सांगतात, कट्ट आवाज आला तर ठीक, नाहीतर "अजून एक ऊन खाऊ द्या". ओल राहिली तर साल सुटत नाही, मग परत परत रोलरला घालावं लागतं आणि तुकडा वाढतो. ही माहिती मला आप्पांनी दिली नाही, ते स्वतःबद्दल बोलतच नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा, शिफ्टचा सुपरवायझर आणि मालाच्या गाड्या भरणारा हमाल, तिघांना वेगवेगळं विचारलं. "माणूस कसा आहे" विचारलं की "लई भारी माणूस" एवढंच मिळतं, म्हणून मी विचारतो, "ते सुट्टीवर असले की काय बिघडतं?" मग बोलतात लोक. लिहून झालं की नाव झाकून सुपरवायझरला वाचायला द्यायचं, त्याने ओळखलं नाही तर परत लिहायचं.

भेटीचंही तसंच. आप्पा चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जातात आणि तेव्हाच आमच्याकडे नव्या तुरीचा जोर, त्यामुळे रजेवरून दरवर्षी कटकट. त्यांना नाण्याऐवजी वारीपुरती भरपगारी रजा आधीच मंजूर केल्याचं पत्र दिलं. स्टेज नको म्हणाले, "माले तठे नका बलावू भाऊ", म्हणून लाईनवरच, चहाच्या सुट्टीत दिलं. पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, हे पुढच्या मॅनेजरलाही लागू आहे ना? त्या प्रश्नानंतर पत्रावर मालकांची सही घेतली.

अडचणी यातही आहेत. रुसवेफुगवे टाळायचे तर रक्कम सगळ्यांना सारखीच ठेवा, वस्तू वेगळी असू द्या. आप्पांच्या रजेचा पगारही नाण्याच्या बजेटमध्येच बसवला होता. महिना-दीड महिना आधी लागावं लागतं. आणि तारीख नीट तपासा, आमच्याकडे बरेचजण आधी ठेकेदाराकडे होते, रजिस्टरला एकवीस वर्षं दिसतात पण तो माणूस गेटातून आत आल्यापासून पंचवीस मोजतो. ग्रॅच्युइटीचा हिशोब कागदावरच होईल, सत्काराला मी त्याची पंचवीस धरतो.

वर्षाला सात-आठ सत्कार असतील तर मी तरी हेच करीन. पन्नास-साठ असतील तर एका माणसाला झेपणार नाही, तेव्हा नाणंच घ्या, व्हाउचरपेक्षा बरं. पण मानपत्र छापायला टाकायच्या आधी सुपरवायझरकडून प्रत्येकाच्या कामाच्या दोन ओळी मागवा, आणि "मोलाचा वाटा" दिसला की कागद परत पाठवा.