हातातला सेल्फी, स्टिकवरचा की टायमरवरचा?

स्थळाच्या बायोडेटासाठी किंवा नोकरीच्या प्रोफाइलसाठी घरच्या घरी स्वतःचा फोटो काढायचा झाल्यास तीन मार्ग असतात: फोन हातात धरणे, सेल्फी स्टिक वापरणे किंवा फोन शेल्फवर टेकवून टायमर लावणे. या तिन्हींमधला खरा फरक कॅमेरा चेहऱ्यापासून किती दूर आहे एवढाच असतो, आणि चेहरा ओळखीचा वाटेल की नाक पुढे आल्यासारखा दिसेल, हे त्या अंतरावरच ठरते.

नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो असे धरू. कोपर वाकवून फोन धरला तर तो नाकापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर येतो आणि कान ४७ सेंटिमीटरवर राहतात, त्यामुळे कानांच्या तुलनेत नाक जवळजवळ ३४ टक्के मोठे उमटते. हात पूर्ण ताणून ६० सेंटिमीटर अंतर मिळाले तर हा फरक २० टक्क्यांवर येतो, स्टिकने एक मीटर गाठल्यास १२ टक्क्यांवर आणि दीड मीटरवर ८ टक्क्यांवर. समोर बसलेल्या माणसाला आपण साधारण याच अंतरावरून पाहतो, म्हणून तो चेहरा आपल्याला नैसर्गिक वाटतो. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते, तर दीड मीटरवर तो फरक जवळजवळ उरत नाही, असे आढळले होते.

याचा दोष बहुतेकदा लेन्सला दिला जातो, पण तो अर्धवट खरा आहे. एकाच जागेवरून वाइड लेन्सने फोटो काढून मधला चेहरा कापून घेतला किंवा 2x लावून काढला, तरी नाक आणि कान यांचे प्रमाण तेच राहते. वाइड लेन्स फक्त आपल्याला जवळ यायला भाग पाडते. लेन्सचा स्वतःचा दोष वेगळा आहे. वाइड चौकटीच्या कडेला असलेला चेहरा बाहेरच्या दिशेने ताणला जातो, आणि ग्रुप सेल्फीत टोकाला उभ्या राहणाऱ्याचे डोके लांबट होते ते त्यामुळेच. म्हणून 0.5x टाळावा आणि चेहरा चौकटीच्या मध्याजवळ ठेवावा.

दीड मीटरवरून चेहरा लहान येईल ही शंका रास्त आहे. मागच्या कॅमेऱ्याला 2x असेल तर तो लावावा. नसेल तर १२ मेगापिक्सेलच्या फोटोतून उंची-रुंदी निम्मी ठेवून मधला भाग कापला तरी ३ मेगापिक्सेल उरतात, आणि तेवढे प्रोफाइलला पुरतात. मागच्या कॅमेऱ्यात आपण स्वतःला दिसत नाही ही या मार्गाची खरी अडचण. बसायच्या जागी आधी खुर्चीची पाठ किंवा उशी ठेवून चौकट आणि फोकस ठरवून घ्यावा, मग दहा सेकंदांचा टायमर लावावा.

कोनाच्या बाबतीतही अंतरच मदतीला येते. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीपेक्षा १५ सेंटिमीटर वर गेला तर ४० सेंटिमीटरवरून तो कोन सुमारे २० अंशांचा होतो, कपाळ मोठे आणि हनुवटी निमुळती दिसते. दीड मीटरवरून तीच उंची जेमतेम ६ अंशांची ठरते. खालून काढलेल्या फोटोत नाकपुड्या दिसतात, हे सांगायची गरज नसावी.

प्रकाशाचे मात्र तिन्ही मार्गांना सारखेच नियम आहेत. प्रकाश मऊ होतो तो त्याचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने मोठा असला की. थेट ऊन न येणारी खिडकी, किंवा ऊन येत असल्यास तिच्यावर पातळ पांढरा पडदा, हा घरातला सर्वांत चांगला दिवा आहे. खिडकीपासून सुमारे एक मीटरवर, ती समोर थोडी बाजूला येईल असे बसावे. दुसरा गाल फारच काळोखा दिसला तर त्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकावी. डोक्यावरचा दिवा बंद करावा, कारण तो डोळ्यांखाली सावल्या पाडतो आणि त्याचा रंग खिडकीच्या उजेडाशी जुळत नाही. संध्याकाळी अंधूक खोलीत फोटो काढला तर फोन कमी उजेडामुळे फोटोत उमटणारे दाणे पुसण्याच्या नादात त्वचेचा पोतही पुसून टाकतो. भुवयांचे केस वेगळे दिसत नसतील तर उजेड कमी पडला किंवा ब्यूटी मोड चालू राहिला असे समजावे.

त्यामुळे बायोडेटा किंवा प्रोफाइलसाठी मी टायमरचाच मार्ग सुचवेन, थोडी खटपट वाढली तरी. प्रवासात फोन टेकवायला जागा नसते, तिथे स्टिक पुरेशी आहे. तीही नसेल तर हात पूर्ण ताणावा आणि चेहऱ्याने चौकट भरण्याचा मोह टाळून नंतर फोटो कापावा.