भाड्याच्या फ्लॅटचा मेंटेनन्स: भाड्यातच धरायचा, वेगळा भरायचा की वाटून घ्यायचा?

पुण्यात टू बीएचके बघायला गेलं की एजंट सांगतो "पंचवीस हजार, प्लस मेंटेनन्स". हा "प्लस मेंटेनन्स" म्हणजे नक्की किती आणि त्यात काय काय येतं हे मात्र टोकन देईपर्यंत कोणी बोलत नाही, आणि पुढे ॲग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये एकच ओळ असते की मेंटेनन्स भाडेकरू भरेल. त्या एका ओळीवरून नंतर इतके वाद होतात की सही करायच्या आधी बसून तीनही पर्याय ताडून बघाच.

आधी मूळ गोष्ट. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत सभासद असतो तो मालक, त्यामुळे मेंटेनन्सचं बिल त्याच्याच नावावर निघतं आणि थकलं तर सोसायटी वसुलीला त्याच्याच मागे लागते. मॉडेल उपविधीप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, तेही मालकालाच. भाडेकरूने मेंटेनन्स भरायचा असा काही सहकार कायद्याचा नियम नाही, तुम्ही भरता ते फक्त तुमच्या लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटमध्ये तसं लिहिलंय म्हणून. म्हणजे ही सगळी घासाघीस करायची गोष्ट आहे, "सगळीकडे असंच असतं" हे उत्तर ऐकून गप्प बसायचं नाही.

आता एक बिल उघडून बघू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत पण मांडणी अशीच असते. सर्व्हिस चार्जेस १,९०० (वॉचमन, साफसफाई, जिन्यातली लाईट, ऑफिसचा खर्च वगैरे), पाणी ४००, पार्किंग १५०, सिंकिंग फंड २५०, रिपेअर फंड ७५०, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस १९०. टोटल ३,६४०.

यातले शेवटचे तीन नीट बघा. सिंकिंग फंड म्हणजे पुढे कधीतरी इमारत नव्याने बांधायची किंवा मोठं काम काढायची वेळ आली तर लागणारा साठा, उपविधीत त्याचा दर फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आहे. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर वर्षाचे ३,००० म्हणजे महिन्याला २५०. रिपेअर फंड पाऊण टक्का, म्हणजे ७५०. हे दोन्ही पैसे मालकाच्या प्रॉपर्टीत जातात, तुम्ही अकरा महिन्यांनी सामान उचलून जाणार आणि त्या फंडातून होणारं वॉटरप्रूफिंग त्याच्या फ्लॅटची किंमत टिकवणार. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तर मालक स्वतः राहत नाही, घर भाड्याने दिलंय म्हणूनच लागतात! त्यावर सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि ती फक्त सर्व्हिस चार्जेसवर आहे, पूर्ण बिलावर नाही. १,९०० चे १० टक्के १९०, म्हणजे या बिलात बरोबर आहे. तुम्हाला दाखवलेल्या बिलात हाच आकडा ५०० किंवा १,००० दिसला तर मालकाला सांगा, कारण सोसायटीकडे तो विषय सभासद म्हणून त्यालाच काढता येतो.

म्हणजे राहणाऱ्याच्या वापराचे २,४५० आणि मालकीचे १,१९०. यावर आता तीन पर्याय.

पहिला, सगळं वेगळं, जे एजंटला सगळ्यात सोयीचं असतं. भाडं २५,००० आणि ३,६४० तुम्ही भरायचे, महिन्याला २८,६४०. मालकाला यात आराम आहे, कारण बिल वाढलं की वाढ आपोआप तुमच्याकडे येते. आणि बिल वाढतंच. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पाण्याचे चारशेचे हजार होऊ शकतात, आणि जनरल बॉडीत ठराव होतो तेव्हा तुम्हाला तिथे मत नसतं. पाचव्या महिन्यापासून फक्त ६०० वाढले तरी उरलेल्या सात महिन्यांचे ४,२०० तुमच्या खिशातून जातात. बाहेरून इमारत रंगवायची वर्गणी त्याच बिलात जोडून आली तर मालक म्हणणार की ॲग्रीमेंटमध्ये मेंटेनन्स तुमच्याकडे आहे, आणि तुमच्याकडे त्याला दाखवायला काही नसतं.

दुसरा, भाड्यातच सगळं, म्हणजे २८,५०० एकरकमी आणि सोसायटीचं मालक बघेल. भाडेकरूला हा सगळ्यात शांत पर्याय, आकडा ११ महिने हलत नाही. नोकरी करणाऱ्याला अजून एक फायदा आहे, तुम्ही जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल आणि एचआरए क्लेम करत असाल तर भाडं म्हणून दिलेली पूर्ण रक्कम पावतीवर येते, वेगळा भरलेला मेंटेनन्स सहसा त्यात धरत नाहीत. मालक मात्र इथे का कुरकुरतो तेही समजून घ्या. त्याचं भाड्याचं उत्पन्न कागदावर ३,५०० ने वाढतं, त्यातून ३० टक्के स्टँडर्ड डिडक्शन जाऊन २,४५० वर टॅक्स लागतो, तो ३० टक्के स्लॅबमध्ये असेल तर महिन्याला ७३५ आणि वर थोडा सेस. म्हणून तो २९,००० मागेल, आणि तुमचा एचआरए त्यात बसत असेल तर तेवढे देऊनही कदाचित परवडेल, हिशोब करून बघा.

तिसरा, वाटून. २५,००० भाडं आणि फक्त वापराचे २,४५०, म्हणजे २७,४५०. पहिल्या पर्यायाशी तुलना केली तर ११ महिन्यांत १३,०९० चा फरक. कागदावर हाच सगळ्यात न्याय्य आहे, पण दर महिन्याला बिल मागून त्यातले आकडे वेगळे करायला लागतात, आणि बऱ्याच सोसायट्या बिलात हेड वेगळी न दाखवता एकच आकडा टाकतात, तिथे हा पर्याय चालत नाही.

माझं मत सांगतो. भाडेकरू असाल तर दुसरा मागा, मालक अजिबात तयार नसेल तर तिसरा, आणि पहिला फक्त वरची मर्यादा लिहून मिळाली तरच घ्या, म्हणजे "महिन्याला ४,००० पेक्षा जास्त झालं तर वरची रक्कम मालक भरेल" असं. मालक असाल तर तुम्हालाही दुसराच सांगेन, कारण पैसे भाडेकरूच्या हातातून सोसायटीत जाणार असतील आणि त्याने दोन महिने भरलेच नाहीत तर व्याजासकट बोजा तुमच्या नावावर चढतो आणि तुम्हाला ते थेट तिमाही नोटीस आल्यावर कळतं. पैसे स्वतः घेऊन स्वतः भरले की हा प्रश्नच राहत नाही.

कोणताही पर्याय ठरला तरी ॲग्रीमेंटमध्ये चार गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात: सिंकिंग फंड, रिपेअर फंड, नॉन-ऑक्युपन्सी आणि मोठ्या कामाची वर्गणी कोणाकडे. सही करायच्या आधी मागच्या तीन महिन्यांची बिलं मागा, त्यात एखादा मोठा थकबाकीचा आकडा दिसला तर तो ताबा मिळायच्या आधी मालकाने भरावा असं सांगा. आणि वेगळं भरत असाल तर सोसायटीच्या खात्यावर ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर आणि महिना टाका, पावती मालकाच्या नावावर येते, त्यामुळे डिपॉझिट परत घेताना तुमच्याकडचा पुरावा हाच असतो.