बिल शंभर पंख्यांचं, माल साठचा

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात. उन्हाळ्याच्या तोंडावर पंखे भरून ठेवायचे म्हणून मार्च 2025 मध्ये पुण्याकडच्या एका होलसेलरकडे शंभर सीलिंग फॅनची ऑर्डर दिली. दर 1,500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 1,77,000. निम्मे पैसे आगाऊ दिले आणि उरलेल्याचा एप्रिलअखेरचा चेक.

28 मार्चला माल आला. बिल शंभर नगांचं, ई-वे बिलही पूर्ण रकमेचं, पण टेम्पोतून उतरले साठच पंखे. फोन केला तर म्हणाला, "शेठ, चाळीस पाठोपाठ येतात. तुमचा ॲडव्हान्स घेतलाय ना, म्हणून सगळं बिल फाडावंच लागतं."

हे धादांत खोटं. नोव्हेंबर 2017 पासून मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही. ॲडव्हान्सची पावती द्यायची आणि माल निघेल तसं बिल करायचं. एकच माल हप्त्याहप्त्याने पाठवायचा असेल तर आधी पूर्ण बिल करायची सोय कायद्यात आहे, नाही असं नाही. पण मग पुढच्या प्रत्येक खेपेसोबत त्या बिलाचा उल्लेख असलेलं डिलिव्हरी चलन लागतं आणि मूळ बिल शेवटच्या खेपेबरोबर यायला हवं. इथे मूळ बिल पहिल्याच खेपेला हातात पडलं. खरं कारण नंतर त्याच्याच सेल्समनने सांगितलं: 31 मार्चच्या आत वर्षाचं टार्गेट गाठायचं होतं. हिशेबाच्या नियमाने माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेल्याशिवाय विक्री धरत नाहीत, पण टार्गेट मोजणारा बिलाची तारीख बघतो, गोडाऊन उघडून बघत नाही.

चाळीस पंखे काही आले नाहीत. चेक मात्र वेळेवर वटला. मे गेला, पाऊस सुरू झाला, तेव्हा मी सरळ पैसे परत मागितले. चाळीस नगांचे 60,000 आणि त्यावरचा जीएसटी 10,800, म्हणजे 70,800. "क्रेडिट नोट बनवतोय" हे उत्तर दिवाळीपर्यंत ऐकलं.

आता यातली मेख बघा. जीएसटीची क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवायची मुदत बिलाच्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरला संपते (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेव्हाच). 28 मार्चचं बिल 2024-25 चं, म्हणून मुदत 30 नोव्हेंबर 2025. तेच बिल चार-पाच दिवसांनी, एप्रिलात झालं असतं तर आणखी एक वर्ष मिळालं असतं. डिसेंबरात त्याने क्रेडिट नोट दिली ती बिनाजीएसटीची, नुसत्या 60,000 ची. म्हणे, "कर मी सरकारला भरलाय, आता मला परत मिळत नाही. आणि तुम्ही क्रेडिट घेतलंच असेल की!"

जो माल मिळालाच नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही. घेतलं आणि तपासणीत निघालं तर व्याजासकट भरा. शिवाय माल हप्त्याने येणार असेल तर क्रेडिट शेवटची खेप आल्यावरच मिळतं, त्यामुळे आमच्या सीएने जीएसटी पोर्टलवरच्या IMS मध्ये, म्हणजे आलेली बिलं स्वीकारायची की थांबवायची ते ठरवतात त्या यादीत, ते बिल पेंडिंग ठेवलं होतं. म्हणजे साठ पंखे विकूनही त्यांचं 16,200 चं क्रेडिट अडकलेलं. चाळीस येत नाहीत हे पक्कं झाल्यावर, मुदत संपण्याआधी त्यांनी बिल स्वीकारलं आणि 10,800 त्याच रिटर्नमध्ये रिव्हर्स केले. त्या 10,800 चा भुर्दंड शेवटी माझ्यावर.

माझ्या बाजूने एकच कागद होता, ट्रान्सपोर्टची बिल्टी. बिल शंभराचं, ई-वे बिल शंभराचं, पण बिल्टीवर 60 नग, कारण ट्रान्सपोर्टवाला भाडं नगावर घेतो आणि न चढवलेला नग लिहीत नाही. तिच्या जोरावर वकिलाची नोटीस पाठवली आहे. ग्राहक मंचात जाता येत नाही. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला तो कायदा लागू नाही.

तेव्हा दुकानदारांनो, ऑर्डरवरच लिहून घ्या: जेवढा माल तेवढंच बिल, आणि चेकही खेपेपुरता. तरीही पूर्ण बिल आलंच तर बिल्टीच्या पोचप्रतीवर "60 मिळाले, 40 बाकी" लिहूनच सही करा आणि त्याच दिवशी ईमेल टाका. मार्चचं बिल असेल तर क्रेडिट नोट दिवाळीच्या आधी मागून घ्या, आणि तिच्यावर कराची रक्कम वेगळी लिहिली आहे का ते बघा. नुसता आकडा असेल तर ती परत पाठवा.