एकॉस उतरला आणि नफाही गेला: जाहिरात एजन्सीने केलेली फसवणूक

आम्ही कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला आणि चटण्या बनवतो आणि ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकतो. तिथल्या स्पॉन्सर्ड जाहिराती सांभाळायला एक एजन्सी नेमली होती. तिने आमच्याच गिऱ्हाइकांची विक्री स्वतःच्या नावावर दाखवून फी घेतली. एजन्सीचं नाव लिहीत नाही, पण हा प्रकार ओळखायचा कसा ते सविस्तर सांगते, कारण छोट्या विक्रेत्यांना हेच गणित पुन्हा पुन्हा दाखवलं जातं.

एजन्सी येण्याआधी आमची महिन्याची एकूण विक्री ४ लाखांची होती. जाहिरातीवर २० हजार जायचे आणि जाहिरातीतून ८० हजारांची विक्री यायची. जाहिरात खर्चाला जाहिरातीच्या विक्रीने भागलं की एकॉस मिळतो, म्हणजे एकॉस २५ टक्के. एजन्सीचा शब्द होता की एकॉस खाली आणू, शिवाय जाहिरातीमुळे रँकिंग चढून विनाजाहिरात विक्रीही वाढेल. फी ठरली जाहिरातीतून आलेल्या विक्रीच्या ८ टक्के. खरी मेख या अटीतच होती.

तिसऱ्या महिन्याच्या अहवालात जाहिरात खर्च ६० हजार, जाहिरातीची विक्री ३ लाख आणि एकॉस २० टक्के होता. कागदावर सगळं उत्तम. पण त्या अहवालात एकूण विक्रीचा रकानाच नव्हता. मागितला तर उत्तर आलं, "ताई, तो आकडा जाहिरातीच्या डॅशबोर्डवर येत नाही." तो येत नाही हे खरंच, पण सेलर खात्याच्या विक्री अहवालात तो असतो आणि त्यांच्याकडे त्या खात्याचं लॉगिन होतं.

तो आकडा आम्हीच काढला. एकूण विक्री ४ लाख २० हजार होती. जाहिरातीची विक्री ८० हजारांवरून ३ लाखांवर गेली, तर विनाजाहिरात विक्री ३ लाख २० हजारांवरून १ लाख २० हजारांवर आली. जाहिरात खर्चाला एकूण विक्रीने भागलं की टॅकॉस मिळतो. तो ५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या वर गेला होता. जाहिराती वगळता आमचं मार्जिन ३० टक्के आहे. म्हणजे आधी जाहिरात खर्च जाऊन महिन्याला १ लाख उरायचे. आता १ लाख २६ हजारांतून जाहिरातीचे ६० हजार आणि एजन्सीचे २४ हजार गेले, उरले ४२ हजार.

हे कसं केलं ते सर्च टर्म रिपोर्टमध्ये दिसलं. गिऱ्हाइकाने नेमकं काय टाइप केल्यावर जाहिरातीवर क्लिक झालं, ते त्यात ओळीओळीने असतं. ६० हजारांपैकी ४२ हजार आमच्या ब्रँडच्या नावावर आणि त्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगांवर खर्च झाले होते. जो माणूस आमचं नाव टाइप करून येतो, तो बहुतेक वेळा आमचाच मसाला घ्यायला आलेला असतो. त्याला यादीत वर जाहिरात दिसते, तो त्यावर क्लिक करतो, आम्ही क्लिकचे पैसे भरतो आणि ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा होते. अशा क्लिकवर खरेदीचं प्रमाण मोठं असल्याने एकॉस आपोआप खाली येतो. सगळ्यात संताप आला तो कॅम्पेनच्या नावाने. ज्यात फक्त आमच्या ब्रँडचे कीवर्ड होते, त्याचं नाव त्यांनी 'नवीन ग्राहक' ठेवलं होतं. याला नजरचूक म्हणता येत नाही.

जाब विचारल्यावर "रँकिंग चढायला वेळ लागतो" हे उत्तर मिळालं. जाहिरातीने विनाजाहिरात विक्री वाढते हे खोटं नाही. 'कांदा लसूण मसाला' अशा साध्या शोधावर विक्री झाली तर त्या शोधात यादीतली जागा वर सरकू शकते. पण स्वतःच्या नावाच्या शोधात आम्ही आधीच पहिले होतो, तिथे चढायला जागाच नव्हती. आणि खरा फायदा होत असता तर विनाजाहिरात विक्री वाढली असती, निदान टिकली असती.

आम्ही किंमत, कूपन आणि स्टॉक तेच ठेवून ब्रँडच्या नावाचं कॅम्पेन पंधरवडाभर बंद केलं. एकूण विक्रीत जाणवेल असा फरक पडला नाही, विनाजाहिरात विक्री परत वर आली. तुमच्या नावाच्या शोधावर प्रतिस्पर्धी जाहिरात देत असतील तर निकाल वेगळा येऊ शकतो, मग तिथे थोडा खर्च ठेवावा लागतो. दिवाळीच्या किंवा उन्हाळी मसाल्याच्या हंगामात ही चाचणी करू नका, मागणीच बदललेली असते. नवीन उत्पादनाचा टॅकॉसही सुरुवातीला जास्तच असतो, त्यावरून लगेच कुणाला दोष देऊ नये.

एजन्सीचा करार आम्ही संपवला. फी परत मिळाली नाही, कारण करारात 'जाहिरातीतून आलेली विक्री' एवढंच लिहिलं होतं आणि ती त्यांनी दाखवली होती. कुणाशी बोलणी चालू असतील तर ब्रँडच्या नावाचं कॅम्पेन वेगळं ठेवणं, त्यावर फी न घेणं आणि दर महिन्याला एकूण विक्रीचा आकडा देणं, हे सही करण्याआधी करारात लिहून घ्या. आमच्या एजन्सीपुढे करार संपवण्याआधी या अटी ठेवल्या होत्या, तिने त्या नाकारल्या.