टीव्हीतलं चित्र बदलायला महिना २९९ कशाला? आठ महिन्यांनंतर

फोटोतल्या स्क्रीनवर आपलं चित्र बसवून देणारं ते ॲप मी मागच्या सप्टेंबरात घेतलं. महिना २९९. नाव घेत नाही, कारण बंद केल्यानंतरही कापलेल्या एका महिन्याचे पैसे अजून त्यांच्याकडे अडकलेत आणि माझी तक्रार 'तपासणीत' आहे. म्हणजे हा अनुभव रागातूनच लिहितोय, पण राग फक्त पैशांचा नाही.

अमळनेरात माझं डिझाइनचं छोटं काम आहे. दिवाळीआधी एका टीव्हीच्या दुकानदाराने जाहिरात सांगितली. दुकानातल्या ४३ इंची टीव्हीचा फोटो, आणि स्क्रीनवर त्याच्या भाच्याने तापीकाठी काढलेला केळीचा मळा. चालू टीव्हीचा सरळ फोटो का नाही, तर त्यात जाळीसारख्या लहरी येतात, कधी आडवे पट्टेही दिसतात. ॲपने चार कोपरे शोधले, चित्र तिरकं करून बसवलं, वर काचेच्या चमकेसाठी, म्हणजे ग्लेअर म्हणून, एक तिरपी पांढरी पट्टी मारली. दोन मिनिटांत काम. मी खूश.

दुकानदाराने मोबाइल हातात घेतला, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हाई खोटं वाटस."

का ते त्याला सांगता येईना. मला रात्री कळलं. दुकानातली ट्यूबलाइट डावीकडे, टीव्हीच्या कडेच्या काळ्या पट्टीवर तिची चमक डावीकडे, आणि ॲपचा ग्लेअर उजव्या कोपऱ्यातून उतरलेला. पट्टीवरची चमक काचेवर आल्या आल्या गायब. शिवाय केळीखालची सावली टीव्हीच्या पट्टीपेक्षाही काळी. उजेडाच्या दुकानात असा काळा रंग काचेवर दिसूच शकत नाही.

तेव्हापासून मी ग्लेअरच्या मागे लागलोय. घरचे म्हणतात, गिऱ्हाइकाला एवढं कळत नाही. पण त्याला कळलं होतं की.

उपाय फुकटाचा निघाला, गिम्प नावाच्या फोटो एडिटरमध्ये. पण खरं काम फोटो काढतानाच होतं: टीव्ही बंद करून फोटो काढायचा. काचेवर पडलेलं ट्यूबचं, दाराचं प्रतिबिंब टीव्ही चालू असो की बंद, तेवढंच असतं. टीव्ही चालू केला की त्यात पडद्याचा स्वतःचा उजेड मिळतो, एवढंच. म्हणजे बंद टीव्हीचा फोटो हाच तुमचा खरा ग्लेअर, आणि त्यात चित्राचा उजेड मिळवायचा. वरून पांढरी पट्टी मारायची गरजच नाही.

म्हणून लेअर दोनच. खाली बंद टीव्हीचा फोटो, वर केळीचा मळा. मळा आधी १६:९ मध्ये कापून घ्या. भाच्याचा फोटो ४:३ होता, तसाच ताणला तर घड आडवे फुगतात. मग Perspective टूलने (Shift+P) चारही कोपरे काचेच्या उजळणाऱ्या भागावर नेऊन बसवायचे, बाहेरच्या पट्टीवर नाही. शेवटी वरच्या लेअरचा मोड Addition, म्हणजे बेरीज.

इथे 'Screen मोड का नाही' असं विचारणारे भेटतात. मीही सुरुवातीला Screen च वापरायचो, म्हणून थोडा हिशेब. एका ठिकाणी प्रतिबिंबाची किंमत १०० आहे आणि चित्राचीही १०० (० ते २५५ मध्ये). फाइलमधले आकडे सरळ मिळवले तर २००, ग्लेअर भगभगीत. Screen मोडने साधारण १६१. पण फाइलमधला आकडा म्हणजे उजेड नव्हे, तो डोळ्याच्या सोयीने वाकवलेला असतो. आधी त्याचा खरा उजेड काढला, मग बेरीज केली आणि परत वाकवलं, तर येतं सुमारे १३८. गिम्पमध्ये लेअरवर उजवं क्लिक करून Blend Space मध्ये RGB (linear) निवडलं की हीच बेरीज होते. पहिल्यांदा केलं तेव्हा मळ्यावर ट्यूबची चमक अशी पडली की मी स्वतःच मागे वळून ट्यूबकडे पाहिलं.

Opacity म्हणजे मग टीव्हीचा ब्राइटनेस. उजेडी दुकानात मी ८०च्या आसपास ठेवतो. बरोबर जमलंय का ते पाहायची माझी खूण एकच: चित्रातला सगळ्यात काळा ठिपका त्याच जागच्या बंद टीव्हीपेक्षा काळा दिसता कामा नये. दिसला, तर मोड चुकलाय.

आता चुका, कारण पहिले तीन फोटो माझेही वाया गेले.

पहिल्यात टीव्हीमध्ये माझाच चौकड्याचा शर्ट. बंद टीव्ही म्हणजे आरसाच. आता मोबाइल स्टँडवर लावतो, दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला होतो.

दुसऱ्यात सगळा पडदा राखाडी. समोर मोठं काळं दिसलं की मोबाइल आपोआप उजेड वाढवतो, एचडीआर तर अंधार आणखी उचलतो, आणि फिकट प्रतिबिंब धुक्यासारखं पसरतं. एचडीआर बंद करा, टीव्हीशेजारच्या भिंतीवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा, मग फोटो. एवढं केलं की ऐंशी टक्के भांडण मिटतं.

तिसरी चूक कळायला महिना लागला. चारही कोपरे चोख बसलेले, पण वरच्या कडेला मधोमध बारीक काळी फट. तीन फुटांवरून काढलेल्या फोटोत मोबाइलच्या रुंद लेन्सने टीव्हीची कड किंचित बाहेर फुगवली होती. Perspective टूल सरळ रेघ सरळच ठेवतं, ते फुगवट्यात कसं बसणार? मी महिनाभर कोपरे इकडेतिकडे ओढत बसलो. औषध साधं: आठ-दहा फूट मागे जा आणि २x झूमवर काढा.

इथपर्यंत गिम्पला दहापैकी दहा देणार होतो. मग लग्नसराईत त्याच दुकानदाराने त्याच टीव्हीवर सात वेगळी चित्रं मागितली. गिम्पमध्ये Perspective लावलं की चित्राचे पिक्सेलच बदलतात, म्हणून प्रत्येक चित्राला चार कोपरे नव्याने. चौथ्या चित्राला वैतागलो आणि ब्राउझरमधल्या फोटोपीकडे गेलो. तेही फुकट, फक्त बाजूला जाहिराती. तिथे चित्राला आधी Smart Object करायचं, मग कोपरे एकदाच बसवायचे. पुढे लेअरच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक केलं की ते सरळ, सपाट उघडतं. नवं चित्र टाका, Ctrl+S दाबा, मूळ फोटोत ते आपोआप तिरकं होऊन बसतं. सातही चित्रं चहा गार व्हायच्या आत.

मग ग्लेअर? फोटोपीतला Linear Dodge (Add) वरच्या हिशेबातली सरळ बेरीज करतो, म्हणजे २०० वाली. तिथे मी Screen मोडवर समाधान मानतो आणि चित्राचा उजेड थोडा उतरवतो. एखादीच जाहिरात मोठ्या फ्लेक्सवर जाणार असेल तर गिम्प, व्हॉट्सॲपवरची चळत असेल तर फोटोपी. सहा महिन्यांपूर्वी हे वाक्य मी लिहिलं नसतं.

एक गोष्ट दोन्हीकडे हातानेच करावी लागते. दिवाळीच्या त्या फोटोत टीव्हीसमोर झेंडूचं तोरण लोंबत होतं. चित्राचा उजेड त्याच्यावरही मिळतो आणि फुलं पारदर्शक दिसतात. लेअर मास्क घेऊन एकेक फूल काळ्या ब्रशने वाचवलं, सव्वा तास गेला. त्याचे दुकानदाराकडे जादा पैसे मागितले, तर म्हणाला, "तोरण मी काढून दिलं असतं ना भो, बोलायचं तरी."