डिडक्टिबल आणि को-पे: पहिल्या फॅमिली पॉलिसीचे अकरा महिने, दोन क्लेम

घरातली पहिली आरोग्य विमा पॉलिसी घेऊन अकरा महिने झाले. फॅमिली फ्लोटर आहे, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच १० लाखांचं कव्हर. त्यात आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. घेताना एजंटने दोन गोष्टी पटापट सांगितल्या होत्या: वर्षाला ५०,००० रुपये डिडक्टिबल आणि सासूबाईंच्या क्लेमवर २० टक्के को-पे. मी तेव्हा मनात दोन्हींचा अर्थ "थोडं आपण भरायचं, बाकी कंपनी" असा एकच लावला. दोन क्लेम झाल्यावर कळलं की ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि मी चुकीच्या जनावराला घाबरत होते.

मला भीती होती डिडक्टिबलची. पन्नास हजार ही रक्कम डोळ्यांसमोर दिसते ना! डिडक्टिबल म्हणजे ठरलेली रक्कम. तेवढा खर्च होईपर्यंत कंपनी एक पैसाही देत नाही, त्यानंतर तिची जबाबदारी सुरू होते. को-पे म्हणजे मंजूर रकमेतला ठरलेला टक्का आपण भरायचा, बिल लहान असो की मोठं. विमा नियामकाच्या व्याख्येनुसार या दोन्हींमुळे विम्याची रक्कम कमी होत नाही, म्हणजे आमचं कव्हर १० लाखांचंच राहतं. साडेनऊ लाखांचं झालं का, हा प्रश्न मला आमच्या निम्म्या नातेवाइकांनी विचारला, म्हणून आधीच सांगून टाकते.

पहिला क्लेम मुलीचा. डेंग्यू, चार दिवस दवाखान्यात, बिल ३८,०००. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, पन्नासच्या आत आहे, काही मिळणार नाही. कशाला कागद गोळा करता?" मलाही ते पटलं. पैसे भरले, पोरगी घरी आली, विषय संपला. फाइल मात्र टाकून दिली नाही. त्याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, कपाटात कोंबायच्या सवयीला आहे.

चार महिन्यांनी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, इम्प्लांट बसवलं. अपघात असल्यामुळे प्रतीक्षा कालावधीचा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ क्लेम न मिळण्याचा, प्रश्न आला नाही आणि कॅशलेस मंजूर झालं. डिस्चार्जच्या दिवशी एकूण बिल निघालं २,३६,०००. त्यातले १६,००० हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे, म्हणजे पॉलिसीत न बसणाऱ्या गोष्टींचे. मंजूर होण्याजोगी रक्कम राहिली २,२०,०००. मी मनात हिशेब केला, वीस टक्के म्हणजे ४४,०००, त्यात ते १६,०००, साठेक हजार भरायचे. प्रत्यक्षात काउंटरवरच्या मुलीने एक लाखाचा आकडा सांगितला.

"ताई, डिडक्टिबल पूर्ण लागलंय तुमचं."

तिने मंजुरीपत्र फिरवून दाखवलं. २,२०,००० मधून आधी ५०,००० वजा, राहिले १,७०,०००. त्यावर २० टक्के को-पे म्हणजे ३४,०००. कंपनीने दिले १,३६,००० आणि आम्ही भरले बरोबर एक लाख.

आता इथे खरी गंमत आहे. आमचं डिडक्टिबल वार्षिक आणि एकत्रित आहे, म्हणजे वर्षभरात घरातल्या कोणाचाही मंजूर खर्च त्या पन्नास हजारांच्या भांड्यात जमा होतो. मुलीच्या डेंग्यूने ते भांडं बऱ्यापैकी भरायला हवं होतं. पण कंपनीच्या दृष्टीने तो डेंग्यू घडलाच नव्हता, कारण आम्ही क्लेम टाकला नव्हता. ज्या क्लेममधून शून्य रुपये मिळणार, तो टाकायचा कशाला, तर याचसाठी.

घरी येऊन कपाटातली फाइल काढली. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ३० दिवसांत कागद द्यायची अट होती, ती केव्हाच उलटून गेली होती. उशिराचं कारण लिहून अर्ज जोडला, मूळ बिलं, डिस्चार्ज समरी, रक्ताचे रिपोर्ट, पैसे भरल्याच्या पावत्या असं सगळं पाठवलं. दोन-तीन फोन आणि एक वाढीव कागद झाल्यावर त्यांनी ते धरलं. ३८,००० पैकी ३४,००० मंजूर ठरले. देय रक्कम शून्य, पण डिडक्टिबलमध्ये ३४,००० जमा. मग मी सासूबाईंच्या क्लेमचा हिशेब पुन्हा करायला लावला. आता उरलेलं डिडक्टिबल फक्त १६,०००. २,२०,००० मधून ते वजा केल्यावर २,०४,०००, त्यावर २० टक्के म्हणजे ४०,८००, आणि कंपनीचा वाटा १,६३,२००. आधी १,३६,००० दिले होते, म्हणून फरकाचे २७,२०० खात्यात आले.

३४,००० जमा झाले तर २७,२०० च का मिळाले, यावर आमच्या घरी एक संध्याकाळ गेली. नवऱ्याचं ठाम मत होतं की कंपनीने खाल्ले. खाल्ले नाहीत. डिडक्टिबल कमी झालं तशी को-पे लागणारी रक्कम ३४,००० नी वाढली, आणि त्याचे २० टक्के, म्हणजे ६,८००, को-पेमध्ये गेले. दोन्ही अटी एकाच क्लेमवर लागल्या की त्या अशा एकमेकींत अडकतात.

त्यातही कोणती कपात आधी, हे पॉलिसीच्या मजकुरावर ठरतं. आमच्याकडे डिडक्टिबल आधी, को-पे नंतर. उलटं असतं तर २,२०,००० वर ४४,००० को-पे, राहिले १,७६,०००, त्यातून १६,००० वजा, हाती १,६०,०००. फरक ३,२०० चा, म्हणजे फार नाही. त्यावरून पॉलिसी निवडू नका, फक्त हिशेब तपासताना क्रम माहीत असू द्या.

ज्यावरून निवडायला हवी अशी गोष्ट वेगळी आहे: डिडक्टिबल वर्षाला एकदा लागतं की प्रत्येक वेळी. हे कंपनीने पॉलिसीत स्पष्ट लिहायचंच असतं. आमचं प्रत्येक क्लेमला लागणारं असतं तर मी कितीही फायली पाठवल्या असत्या तरी सासूबाईंच्या वेळी पूर्ण ५०,००० कापले गेले असते आणि ते २७,२०० कधीच आले नसते. वेबसाइटवर दोन्ही प्रकार "५०,००० डिडक्टिबल" असेच दिसतात. मोठं डिडक्टिबल ओलांडल्यावरच पैसे देणाऱ्या टॉप-अप आणि सुपर टॉप-अप पॉलिसींतला फरकही मुळात हाच आहे: टॉप-अपमध्ये ते प्रत्येक वेळी लागतं, सुपर टॉप-अपमध्ये वर्षाला एकदा.

आता को-पेबद्दल. डिडक्टिबलने आमचं वर्षाचं नुकसान पन्नास हजारांवर थांबतं. को-पेला तसं छप्पर नाही. सासूबाईंचं बिल समजा ८ लाख मंजूर झालं आणि डिडक्टिबल आधीच भरलेलं असलं, तरी आम्हाला १,६०,००० भरावे लागतील. आजार जितका मोठा, तितका आपला वाटा मोठा. विमा ज्या दिवसासाठी घेतो नेमका त्याच दिवशी को-पे सगळ्यांत महाग पडतो, म्हणून मला तो डिडक्टिबलपेक्षा वाईट वाटतो. सगळेच को-पे इतके जड नसतात, हेही खरं. २०२० मध्ये आलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत तो ५ टक्के होता.

घेताना मी एक प्रश्न विचारला नव्हता आणि केवळ नशिबाने वाचले. आमच्या पॉलिसीत को-पे फक्त सासूबाईंच्या क्लेमवर आहे. काही फ्लोटरमध्ये तो घरातल्या सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावरून ठरतो आणि मग प्रत्येकाच्या क्लेमला लागतो, सात वर्षांच्या मुलीच्या डेंग्यूलासुद्धा. आजी-आजोबांना त्याच पॉलिसीत घेणाऱ्यांनी हे आधी बघावं. काही पॉलिसींत कमी प्रीमियमच्या विभागातला पत्ता दाखवून महागड्या शहरात उपचार घेतले तर वेगळा को-पे लागतो. आमच्याकडे ते कलम नाही, म्हणून अनुभव नाही.

हे सगळं वाचायला पन्नास पानांचा मजकूर उपसावा लागत नाही. पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फर्मेशन शीट नावाचं छोटं पत्रक येतं, त्यात डिडक्टिबल, को-पे आणि उपमर्यादा एका जागी लिहिलेल्या असतात, आणि त्यापुढे पॉलिसीतल्या कलमाचा क्रमांक असतो. आमचं पत्रक ईमेलमध्ये पडून होतं, मी ते खुब्याच्या ऑपरेशननंतर उघडलं! पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करायची मुभा असते. ते पत्रक या दिवसांत वाचलं तर उपयोग, नंतर नुसती चिडचिड.

पुढच्या महिन्यात रिन्युअल आहे आणि त्या दिवशी डिडक्टिबलचं भांडं पुन्हा रिकामं होणार. नवरा म्हणतो, डिडक्टिबलच काढून टाकू. कोटेशन मागवलं: डिडक्टिबलसह प्रीमियम २६,५००, त्याशिवाय ३४,०००. वर्षाला ७,५०० चा फरक. एका वर्षी पूर्ण ५०,००० भरावे लागले तर ते वसूल व्हायला साडेसहा वर्षांपेक्षा जास्त काळ लागेल, आणि मध्ये पुन्हा कोणी दवाखान्यात गेलं तर गणित आणखी बिघडेल. कागदावर नवऱ्याचं म्हणणं योग्य वाटतं. पण माझ्या ऑफिसात आता ३ लाखांची ग्रुप पॉलिसी सुरू झाली आहे. त्यात आम्ही तिघं आहोत, सासूबाई नाहीत. आमच्या तिघांचा पहिला खर्च तिथून जाईल, आणि तिथलं सेटलमेंट लेटर जोडलं की घरच्या पॉलिसीत तो डिडक्टिबलमध्ये मोजला जाईल, असं कंपनीने ईमेलवर लेखी दिलं आहे. फोनवर आधी एकाने हो आणि एकाने नाही म्हटलं होतं, म्हणून लेखी मागितलं.

तेव्हा डिडक्टिबल ठेवतोय, तेवढी रक्कम बँकेत वेगळी काढली आहे. जास्तीचा पैसा सासूबाईंचा को-पे काढण्यावर जाणार आहे. त्याला ९,४०० जास्त मागतायत. डिडक्टिबलनंतर त्यांचा मंजूर खर्च वर्षात ४७,००० च्या वर गेला की ते वसूल. गेलाच नाही, तर सासूबाई धडधाकट आहेत, असं धरून मी ते ९,४०० विसरून जाईन. त्यांना मात्र हा आकडा सांगितलेला नाही. कळला तर त्या काठी टेकत येऊन पॉलिसीच बंद करायला लावतील.